फोकाच्चाची कसोटी तळाशी

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरील जिनोआ शहरात सकाळच्या न्याहारीला फोकाच्चा हा पाव खाल्ला जातो. तेथील अनेक जण त्याचा तुकडा कॉफीत बुडवूनही खातात. लॅटिन भाषेत चुलीला असलेल्या ‘फोकुस’ या शब्दावरून हे नाव आले. जेमतेम दोन सेंटिमीटर उंचीचा, वरून तेलाने चकाकणारा आणि आतून मऊ असा हा पाव घरी भाजणाऱ्यांचा अनुभव मात्र बहुधा सारखाच असतो. वरचा भाग सोनेरी होतो, घरभर सुवास दरवळतो आणि तुकडा उचलला की तळ पांढरट व लिबलिबीत निघतो. जिनोआच्या फोकाच्चाचा तळ पातळ आणि खरपूस हवा. तो तसा होणे हे तेल, खळगे आणि खालून मिळणारी उष्णता या तीन गोष्टींवर अवलंबून असते.

तीस बाय चाळीस सेंटिमीटरच्या एका ट्रेचे उदाहरण घेऊ. त्यासाठी ५०० ग्रॅम मैदा, ३५० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ४ ग्रॅम कोरडे इन्स्टंट यीस्ट आणि ३० ग्रॅम ऑलिव्ह तेल पुरेसे होते. मैदा हलक्या प्रतीचा असेल तर तो इतके पाणी धरून ठेवू शकत नाही. अशा वेळी पाणी ३२५ ग्रॅमपर्यंत कमी करावे. पीठ सैलसर पण गुळगुळीत होईपर्यंत मळावे आणि आकाराने दुप्पट होईपर्यंत झाकून ठेवावे. उबदार हवेत त्याला दीड ते दोन तास लागतात.

पीठ फुगेपर्यंत ट्रेची तयारी करता येते. त्यात सुमारे ४० ग्रॅम तेल ओतून ते तळाला व कडांना सर्वत्र पसरवावे. ट्रे तिरपा केला असता तेल कोपऱ्याकडे हळूहळू वाहिले पाहिजे, इतका थर हवा. हे तेल केवळ पीठ चिकटू नये म्हणून नसते. पिठाचा तळ आणि धातू यांच्यामध्ये राहणाऱ्या बारीक पोकळ्या ते भरून काढते. हवा उष्णता फारशी वाहून नेत नाही, तेल मात्र ती चांगली पोहोचवते. त्यामुळे फोकाच्चाचा तळ केवळ भाजला जात नाही, तर तो हलकासा तळलाही जातो. ट्रेमध्ये बेकिंगचा कागद घातल्यास धातूशी असलेला हा थेट संपर्क तुटतो आणि खरपूसपणा कमी होतो.

फुगलेले पीठ ट्रेमध्ये अलगद उलटून बोटांनी चारही बाजूंना पसरावे. ते मागे आखडू लागल्यास ओढाताण करू नये. पंधरा ते वीस मिनिटे झाकून ठेवले की त्याचा ताण सैल होतो आणि ते कोपऱ्यांपर्यंत सहज पोहोचते. त्यानंतर अर्धा तास त्याला पुन्हा फुगू द्यावे.

यानंतर खळगे पाडायचे. त्यासाठी बोटांना तेल लावून ती सरळ खाली, ट्रेच्या तळाचा स्पर्श जाणवेपर्यंत दाबावीत. अंतर साधारण दोन बोटांचे असावे. वरवर टोचलेले खळगे भट्टीत भरून येतात आणि पाव डोंगरासारखा असमान फुगतो. खोल खळगे मोठे बुडबुडे फोडतात व पावाची उंची सारखी राखतात. जिनोआच्या पद्धतीत या खळग्यांमध्ये ‘सालामोया’ ओततात. त्यासाठी ६० ग्रॅम कोमट पाण्यात ४ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ३० ग्रॅम तेल घालतात व हे मिश्रण फेटून घेतात. ते ओतल्यानंतर पीठ आणखी ४० ते ४५ मिनिटे ठेवले जाते. भाजताना खळग्यांतील या पाण्यामुळे तेवढा भाग फिकट आणि ओलसर राहतो, तर भोवतालचा उंचवटा सोनेरी होतो. जिनोआच्या फोकाच्चाची हीच ओळख मानली जाते.

खळगे पाडताना पीठ फाटणार नाही, याची मात्र काळजी घ्यावी लागते. बोटाने आरपार भोक पडले की मिठाचे पाणी त्यातून खाली झिरपते आणि तेथे तेलाऐवजी पाणी साचते. पाणी १०० अंशांवर उकळू लागते आणि ते संपूर्ण आटेपर्यंत तेथील तापमान त्यापुढे जात नाही. तळाला तांबूस रंग येण्यासाठी मात्र साधारण १४० अंशांहून अधिक उष्णता लागते. परिणामी तळाचा तेवढाच भाग पांढरा, चिकट आणि ट्रेला धरून बसलेला दिसतो.

भट्टी २३० अंश सेल्सियसवर किमान अर्धा तास आधी तापवावी. दिवा विझताच ट्रे आत सरकवला, तर हवा तापलेली असते पण भट्टीचे लोखंड थंडच असते. ट्रे पहिली बारा मिनिटे सर्वांत खालच्या जाळीवर ठेवावा. नंतर तो फिरवून मधल्या जाळीवर घ्यावा आणि आणखी आठ ते बारा मिनिटे भाजावा. तापमान १८० अंशांवर ठेवल्यास वेळ जवळजवळ दुप्पट लागतो. तोवर आतला ओलावाही उडून जातो आणि पाव खरपूस होण्याऐवजी कडक होतो. उलट २५० अंशांच्या पुढे गेल्यास तळ शिजण्यापूर्वीच वरचा भाग करपतो.

घरगुती ओटीजीमध्ये वरचा रॉड जवळ असल्याने हा धोका अधिक असतो. तेथे पहिली बारा मिनिटे केवळ खालचा रॉड चालू ठेवून नंतर दोन्ही रॉड लावणे सोयीचे ठरते. ट्रे लहान असेल तर सर्व प्रमाणे त्याच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने कमी करावीत. वीस बाय तीस सेंटिमीटरच्या ट्रेला वर दिलेल्याच्या निम्मे पीठ लागते. ट्रे जाड आणि काळसर धातूचा असावा. काच उशिरा तापते आणि चकचकीत अॅल्युमिनियम उष्णता परतवून लावते, त्यामुळे या दोन्हींत तळ मागे पडतो.

वरच्या रंगावरून भाजणी पूर्ण झाल्याचे ठरवू नये. वीस मिनिटांनी उलथन्याने एक कोपरा उचलून पाहावा. तळ सर्वत्र तांबूस असेल आणि बोटाच्या नखाने टोचल्यावर कोरडा आवाज येत असेल, तरच पाव झाला असे समजावे. वरचा भाग तयार असून तळ फिकट राहिला असल्यास धातूचा ट्रे गॅसच्या मंद आचेवर एक-दोन मिनिटे फिरवत ठेवता येतो. काचेचा ट्रे मात्र कधीही असा आचेवर ठेवू नये.

शेवटची चूक भट्टीबाहेर होते. गरम फोकाच्चा ट्रेमध्येच राहू दिल्यास त्यातून निघणारी वाफ तळाशी अडकते, तिचे पाणी होते आणि वीस-बावीस मिनिटांत आलेला खरपूसपणा पाच मिनिटांत जातो. म्हणून पाव बाहेर येताच दोन-तीन मिनिटांत तो उलथन्याने सोडवून तारेच्या जाळीवर काढावा आणि वाफ ओसरल्यावरच कापावा. दुसऱ्या दिवशी तळ मऊ पडतोच. अशा वेळी २०० अंशांवर तापवलेल्या भट्टीत तुकडे थेट जाळीवर पाच मिनिटे ठेवले की तो पुन्हा कुरकुरीत होतो.