माल हातात आला का?

शेअर बाजारात पैसे बुडाले की बहुतेकांना निदान एवढा तरी आधार वाटतो की, हा तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होईल आणि कर कमी भरावा लागेल. पण तो वजा होणार की नाही, हे तोट्याच्या रकमेवर नाही, सौदा कसा पुरा झाला यावर ठरतं.

सांगलीतला हळदीचा एक व्यापारी उदाहरणासाठी घेऊ. वर्षभराच्या व्यापारात त्याला ८ लाख रुपये नफा झाला. एनसीडीईएक्सवर हळदीच्या वायद्यात २ लाख रुपये गेले. शिवाय सकाळी शेअर घ्यायचे आणि दुपारी विकायचे, या इंट्राडेच्या नादात आणखी १ लाख २० हजार गेले. त्याच्या हिशेबाने करपात्र नफा उरला ४ लाख ८० हजार. प्राप्तिकर खात्याच्या हिशेबाने मात्र तो ६ लाख आहे. वायद्यातला तोटा वजा झाला, इंट्राडेचा झाला नाही.

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४३(५) ची कसोटी साधी आहे. खरेदी-विक्रीचा करार केला, पण माल किंवा शेअर प्रत्यक्ष न देता-घेता फक्त भावातला फरक चुकता केला, तर तो सट्ट्याचा व्यवहार. इंट्राडेत शेअर डीमॅट खात्यात येतच नाहीत, म्हणून तो सट्टा. असा धंदा कायदा इतर धंद्यांपासून वेगळा धरतो आणि त्यातला तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा करू देतो.

मग वायद्यातही हळद घरी आली नाही, तो तोटा कसा चालला? कारण कायद्याने काही व्यवहार या व्याख्येतून मुद्दाम बाहेर काढले आहेत. मान्यताप्राप्त शेअर बाजारातल्या डेरिव्हेटिव्हजना, म्हणजे लोक ज्याला ‘एफ अँड ओ’ म्हणतात त्यांना, २००५ च्या वित्त कायद्याने ही सूट दिली. निफ्टीसारख्या निर्देशांकाची तर डिलिव्हरी होऊच शकत नाही, तरीही त्याचा वायदा सट्टा ठरत नाही तो या सुटीमुळे. कमॉडिटीच्या वायद्यांना २०१३ मध्ये ती मिळाली, पण कमॉडिटी व्यवहार कर लागत असेल तरच. शेतमालाच्या वायद्यांना तो कर नसल्याने ते बाहेर राहिले होते. २०१८ च्या दुरुस्तीने शेतमालापुरती ती अट काढली आणि हळदीचा वायदाही सुटीत आला.

ही सूट एक्स्चेंजवरच्या सौद्यालाच का? तिथे प्रत्येक सौदा नोंदणीकृत ब्रोकरमार्फत, संगणकाच्या पडद्यावर होतो. त्यावर वेळ, ग्राहकाचा क्रमांक आणि पॅन असतो. तोंडी, फरकाच्या सौद्यात यातलं काहीच नसतं. वर्षअखेरीस नफा फुगलाय असं दिसलं की ओळखीच्या माणसाकडून कागदावर ‘तोटा’ विकत घ्यायचा आणि कर वाचवायचा, हे तिथे सहज करता येतं. कायद्याचं कुंपण त्यासाठी आहे, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. मात्र इंट्राडेचीही अशीच पक्की नोंद असते, तरी त्याला सूट नाही. हा भेद मला आजही पटत नाही.

एक्स्चेंजबाहेर भावाचं संरक्षण म्हणून केलेल्या सौद्यालाही सूट आहे, पण त्यामागे खरा माल हवा. गोदामात ५० टन हळद असताना २०० टनांचा सौदा केला, तर वरच्या १५० टनांना संरक्षण म्हणता येत नाही. विक्रीचे असे सौदे हातातल्या साठ्यापेक्षा जास्त नसावेत, हे १९६० च्या परिपत्रकातही आहे.

आता त्या अडकलेल्या १ लाख २० हजारांचं काय? ते पुढची चार वर्षं ओढता येतात. पुढच्या वर्षी इंट्राडेत ७० हजार नफा झाला, तर तो या तोट्यात जिरेल आणि ५० हजार आणखी तीन वर्षांसाठी उरतील. इतर धंद्याच्या तोट्याला मात्र आठ वर्षं मिळतात. उलट बाजूने वाट मोकळी आहे : वायद्यातला तोटा इंट्राडेच्या नफ्यातून वजा होतो.

नोकरदारांनी एक गोष्ट वेगळी समजून घ्यावी. एफ अँड ओचा तोटा त्याच वर्षीच्या घरभाड्यातून, ठेवींच्या व्याजातून किंवा भांडवली नफ्यातून वजा होतो, पगारातून नाही. पुढच्या वर्षी ओढल्यावर तर तो फक्त धंद्याच्या नफ्यातूनच वजा होतो.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, पण ही विभागणी कायम आहे. सर्वांत जास्त नुकसान होतं ते दोन ठिकाणी. ब्रोकरच्या वार्षिक अहवालातले इंट्राडे आणि एफ अँड ओचे आकडे एकत्र करून विवरणपत्रात टाकले जातात. आणि ‘यंदा तोटाच आहे, कर कुठला’ म्हणून विवरणपत्र मुदतीनंतर भरलं जातं. मुदत चुकली की त्या वर्षीची वजावट मिळते, पण उरलेला तोटा पुढे ओढण्याचा हक्क जातो.