फॉरवर्ड केलेल्या मेलच्या वरच्या चार ओळी

पंप बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचं उदाहरण घेऊ. खरेदी विभागाने फाउंड्रीला 200 कास्टिंगची ऑर्डर दिली आहे. दोघांत सात मेल झाले: आधी भावाबद्दल, मग ड्रॉइंगमधल्या दुरुस्तीबद्दल, शेवटी तारखांबद्दल. सातव्या मेलमध्ये फाउंड्री कळवते की पॅटर्न दुरुस्तीला गेल्यामुळे 14 तारखेला 120 नगच निघतील, उरलेले 80 नग 22 तारखेला. खरेदी अधिकारी हा मेल उत्पादन विभागाला आणि अकाउंट्सला एकदमच फॉरवर्ड करतो आणि वर लिहितो, ‘FYI, खालची ट्रेल पाहा.’

खरेदी अधिकाऱ्याला सगळी हकिगत पाठ आहे, म्हणून त्याला एवढं पुरेसं वाटतं. मेल मिळणाऱ्याची स्थिती वेगळी असते. त्याच्या फोनवर पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि मजकुराची पहिली एखाद-दुसरी ओळ दिसते. विषयात अजून ‘Fwd: Re: कास्टिंग कोटेशन’ असंच आहे, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. कोटेशनचं आपल्याला काय, असं म्हणून अकाउंट्सवाले मेल बाजूला ठेवतात. उत्पादन विभाग उघडतो, पहिला मेल भावाच्या घासाघिशीचा असेल म्हणून वरवर पाहतो आणि 120 चा आकडा त्याच्या नजरेतून सुटतो. 15 तारखेला मशिनवर पूर्ण लॉटची तयारी असते आणि माल अर्धवट आलेला असतो.

मेल एकच असला तरी या दोघांना त्यातून वेगवेगळी गोष्ट हवी आहे. म्हणून तो दोनदा, वेगवेगळी टीप लिहून पाठवायला हवा. उत्पादन विभागासाठी अशी:

‘मॅडम, 14 तारखेला 200 ऐवजी 120 कास्टिंगच येत आहेत, उरलेली 80 येतील 22 ला. खालचा फक्त सर्वांत वरचा मेल वाचा. 15 पासून तुमचं मशिन पूर्ण लॉटसाठी लावलेलं आहे. 120 वर काम सुरू करायचं की 22 पर्यंत थांबायचं, हे मंगळवारी 12 तारखेला दुपारी एकपर्यंत मला कळवा. फाउंड्रीशी मी बोलतो.’

आणि अकाउंट्ससाठी अशी:

‘सर, कास्टिंगचं एक बिल येणार होतं, आता माल दोनदा येत असल्याने दोन येतील असं मी धरतो आहे. आपला 40,000 रुपयांचा ॲडव्हान्स कोणत्या बिलातून वळता होणार, हे मेलमध्ये नाही. मी फाउंड्रीला विचारलं आहे. उत्तर येईपर्यंत पहिल्या बिलाचं पेमेंट कृपया थांबवा.’

दोन्ही टिपांची सुरुवात वाचणाऱ्याच्या कामात काय बदललं इथून होते. पहिलीत खालचं किती वाचायचं हे सांगितलं आहे, त्यामुळे सात मेल चाळायची वेळ येत नाही. दुसरीत मेलमध्ये काय नाही आणि पाठवणाऱ्याने काय धरून चाललं आहे, हे वेगळं ठेवलं आहे. हे महत्त्वाचं, कारण घाईत असलेला माणूस टीप वाचून मूळ मेल न उघडताच निर्णय घेतो. आपला अंदाज त्याच्यापर्यंत फाउंड्रीचा शब्द म्हणून पोहोचू नये.

‘मला कळवा’ हेही मुद्दाम लिहिलं आहे. फॉरवर्ड केलेल्या मेलला ‘रिप्लाय’ दिला की तो फॉरवर्ड करणाऱ्याकडे येतो, मूळ पाठवणाऱ्याकडे जात नाही. हे लक्षात न आल्यामुळे अनेकदा उत्तर दिलं गेलेलं असतं, पण ज्याला हवं त्याला मिळत नाही. तारीख आणि वारही स्पष्ट लिहावा. मूळ मेलमधला ‘उद्या’ फॉरवर्ड होईपर्यंत आज झालेला असतो.

पाठवण्याआधी ट्रेल अगदी तळापर्यंत खाली सरकवून पाहायची. कारण फॉरवर्डबरोबर जुने मेलही जातात आणि सहसा शेवटच्या मेलची अटॅचमेंटही जाते. भावाची बोलणी उत्पादन विभागाला लागत नाहीत. तो भाग पूर्ण काढून टाकावा आणि ‘जुने मेल काढले आहेत’ असं वर लिहावं. जे ठेवायचं त्यातला शब्द मात्र बदलायचा नाही. विषयाची ओळही बदलावी: ‘कास्टिंग: 14 ला 120 नगच’.

टीप फसली की नाही, हे येणाऱ्या उत्तरावरून कळतं. ‘मग मी काय करू?’ असं विचारणं आलं, तर काम सांगायचं राहिलं. भलत्याच मुद्द्यावर उत्तर आलं, तर कोणता मेल वाचायचा ते राहिलं. आणि टीप सात-आठ ओळींच्या पुढे जाऊ लागली, तर नवा मेल लिहून जुना त्याला जोडणं बरं.

कधी वाचणाऱ्याने काहीच करायचं नसतं. विक्री विभागाला हा मेल पाठवताना तेच लिहावं: ‘तुम्ही काही करायचं नाही. 22 च्या आधी ग्राहकाने पूर्ण मालाची तारीख विचारली, तर देण्याआधी मला विचारा.’ ‘FYI’ लिहून जे म्हणायचं असतं, ते एवढंच.