‘करण्यात आले’, पण केले कुणी?

प्रबंधाचे प्रकरण मार्गदर्शकांकडून परत येते तेव्हा समासात एक शेरा हमखास असतो: ‘वाक्ये फार लांब. आटोपशीर करा.’ विद्यार्थी मग दोनपैकी एक मार्ग धरतो. एकतर लांब वाक्य मधेच तोडून त्याची दोन करतो, नाहीतर त्यातला मजकूरच गाळतो. दोन्हींनी मूळ दुखणे तसेच राहते. मराठी प्रबंधातले वाक्य बहुधा मजकुराने लांबत नाही. ते दोन गोष्टींनी लांबते: काहीही न सांगणारे ठरीव शब्दसमूह आणि क्रियापदाचे नाम करून त्याला पुन्हा ‘करणे’, ‘होणे’, ‘येणे’ जोडण्याची सवय.

एक वाक्य घेऊ. बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीसाठी जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या शिक्षणावर कुणी प्रबंध लिहीत आहे असे समजा. वाक्य या लेखासाठी रचलेले आहे, पण प्रबंध वाचणाऱ्यांना ते ओळखीचे वाटेल.

‘प्रस्तुत संशोधनाच्या संदर्भात विचार करता असे निदर्शनास येते की, ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या शाळेतील उपस्थितीच्या प्रमाणामध्ये नोव्हेंबर ते मार्च या कालावधीच्या दरम्यान मोठ्या प्रमाणावर घट झालेली असल्याचे दिसून येते.’

हे तीस शब्द झाले. ‘प्रस्तुत संशोधनाच्या संदर्भात विचार करता’ हे सांगायची गरज नाही, कारण वाचकाच्या हातात तोच प्रबंध आहे. ‘निदर्शनास येते’ आणि ‘दिसून येते’ हे एकच विधान वाक्याच्या दोन टोकांना आले आहे. ‘कालावधी’ म्हटल्यावर ‘दरम्यान’ कशाला? ‘प्रमाण’ दोनदा आले आहे आणि दोन्ही वेळा वेगळ्या अर्थाने, त्यामुळे वाचक क्षणभर अडखळतो. ‘घट झालेली असल्याचे’ या तीन शब्दांचे काम ‘घटलेली’ एकटे करते. हे सगळे काढले की उरते ते असे:

‘ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांची शाळेतील उपस्थिती नोव्हेंबर ते मार्च या काळात बरीच घटलेली दिसते.’

शब्द पंधरा. कोण, काय, कधी, किती आणि किती खात्रीने, या पाचही प्रश्नांची उत्तरे आधी होती तीच आहेत. संपादनापूर्वी आणि नंतर हे पाच प्रश्न विचारून पाहावेत. एकाचेही उत्तर बदलले तर वाक्य लहान झाले खरे, पण ते दुसरेच वाक्य झाले.

गैरसमज: लहान करणे म्हणजे सोपे करून सांगणे

वरचेच वाक्य कुणी आणखी आवळले आणि लिहिले, ‘ऊसतोड कुटुंबांतील मुले नोव्हेंबर ते मार्च शाळेत येत नाहीत.’ वाचायला ठसठशीत आहे, पण चूक आहे. उपस्थिती घटणे आणि शाळेत न येणे यांत फरक आहे. शिवाय मूळ वाक्य स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांपुरते होते. ऊसतोडणी करणारे, पण गाव न सोडणारे कुटुंबही असू शकते. तौलनिक प्रबंधात तर तीच कुटुंबे तुलनेचा दुसरा गट असतात.

‘उपस्थितीचे प्रमाण’ याबाबतही सांभाळायला हवे. संशोधकाने आधीच्या प्रकरणात ‘उपस्थितीचे प्रमाण’ याची व्याख्या दिली असेल, उदाहरणार्थ हजर दिवस भागिले शाळेचे कामाचे दिवस, तर ती संज्ञा झाली. मग ‘प्रमाण’ काढायचे नाही. तेव्हा ‘उपस्थितीचे प्रमाण बरेच घटलेले दिसते’ असे लिहावे आणि दुसरे ‘प्रमाण’ तेवढे घालवावे. कोणता शब्द भरताड आणि कोणता संज्ञा हे वाक्यात पाहून कळत नाही. त्यासाठी संशोधन पद्धतीचे प्रकरण शेजारी उघडे असावे लागते.

गैरसमज: ‘करण्यात आले’ लिहिले की लेखन वस्तुनिष्ठ होते

हा समज सर्वांत पक्का आहे आणि त्याचे मूळ बहुधा सरकारी कागदात आहे. शासन निर्णयात ‘मान्यता देण्यात येत आहे’ असे लिहितात, आणि तिथे ते चालून जाते. मान्यता कोण देते हे कागदाच्या माथ्यावरच छापलेले असते. प्रबंधात तशी सोय नाही. ‘६० कुटुंबांच्या मुलाखती घेण्यात आल्या’ यावर बहिःस्थ परीक्षक तोंडी परीक्षेत विचारतात, ‘कुणी घेतल्या? तुम्ही स्वतः की दोन साहाय्यकांनी?’ तो प्रश्न रास्त आहे, कारण मुलाखत कुणी घेतली यावर उत्तर काय मिळाले हे अवलंबून असते. कर्ता लपवल्याने निष्पक्षपणा येत नाही. पद्धतीविषयीचा एक तपशील मात्र जातो.

‘पण “मी” लिहायला आमच्या विभागात परवानगी नाही,’ असे विद्यार्थी सांगतात. नसेना. मराठी इथे मोठी सवलत देते. भूतकाळात सकर्मक क्रियापद सहसा कर्माप्रमाणे चालते, त्यामुळे कर्ता न लिहिताही वाक्य धड उभे राहते: ‘६० कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या.’ यात ‘मी’ नाही, ‘संशोधकाने’ नाही आणि ‘घेण्यात आल्या’ही नाही. इंग्रजीत कर्ता टाळायचा तर बहुधा कर्मणी रचनेकडे जावे लागते. आपल्याला तशी सक्ती नाही, तरी आपण ती स्वतःवर लादून घेतो.

सवलतीला एक मर्यादा आहे. आधीच्या वाक्यात दुसराच कर्ता असेल तर गोंधळ होतो. ‘मुकादमांनी कुटुंबांची यादी दिली. त्यांतील ६० कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या.’ इथे मुलाखतीही मुकादमांनी घेतल्या की काय, असे वाटते. अशा जागी ‘संशोधकाने’ हा शब्द घालायलाच हवा. वाक्य एका शब्दाने वाढेल, वाढू द्या.

काही वेळा ‘येते’ काढायला गेले की लेखकाला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसल्याचे उघड होते. ‘हंगामापूर्वी मुकादमाकडून आगाऊ रकमेची उचल घेण्यात येते.’ ऊसतोडणीत नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात आणि उचल त्या जोडीमागे मिळते. मग घेतो कोण? नवरा, बायको की दोघे? ‘कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात’ असे लिहिले तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही. स्त्रियांच्या श्रमावर प्रबंध असेल तर या एका क्रियापदावर अख्खे उपप्रकरण उभे असू शकते. इथे भाषा दुरुस्त करून भागत नाही, मुलाखतीच्या नोंदी पुन्हा काढाव्या लागतात. आणि ‘आगाऊ रकमेची’ हे तर जावेच. उचल आगाऊच असते.

गैरसमज: प्रत्येक नामाचे क्रियापद करावे

नाम आणि ‘करणे’ दिसले की मोडायचे, असा नियम लावून भागत नाही. ‘निवड केली’चे ‘निवडली’ होते, ‘तपासणी केली’चे ‘तपासले’, ‘मोजणी केली’चे ‘मोजले’. पण ‘तुलना’, ‘विश्लेषण’, ‘स्थलांतर’ यांना रुळलेले एकशब्दी क्रियापद नाही. तिथे ‘तुलना करण्यात आली’चे ‘तुलना केली’ एवढेच करावे आणि पुढे जावे. ‘विश्लेषिले’ वगैरे लिहून शब्द वाचवण्याची हौस मला तरी मूळ दोषापेक्षा वाईट वाटते.

काही नामे पद्धतीची नावे असतात. ‘सहभागी निरीक्षण केले’चे ‘पाहिले’ होत नाही. ‘कुटुंबांची निवड सोयीस्कर नमुना निवड पद्धतीने करण्यात आलेली आहे’ या वाक्यात ‘निवड’ दोनदा आहे. पहिली मोडता येते, दुसरी नाही: ‘कुटुंबे सोयीस्कर नमुना निवड पद्धतीने निवडली.’ ‘नोंद’ आणि ‘नोंदणी’ यांतही घाई नको. हजेरी नोंदवतात, पण कामगाराची नोंदणी होते आणि तिला कायदेशीर अर्थ असू शकतो.

नामाचा खरा उपयोग मागचे विधान उचलून पुढे नेण्यात आहे. भाषावैज्ञानिक हॅलिडे यांनी वैज्ञानिक गद्याविषयी हेच दाखवले: आधी सांगितलेली घटना नामात बांधली की पुढच्या युक्तिवादाला ती पायरी म्हणून वापरता येते. ‘नोव्हेंबरनंतर उपस्थिती घटते. ही घट पटसंख्येत दिसत नाही, कारण मुलांची नावे पटावर तशीच राहतात.’ यातली ‘घट’ काढून पाहा. पहिले वाक्य पुन्हा लिहावे लागेल. म्हणजे घटना पहिल्यांदा सांगताना क्रियापद आणि तिच्याकडे मागे बोट दाखवताना नाम, असे साधारण धोरण ठेवता येते.

गैरसमज: ‘दिसते’, ‘सांगितले’, ‘बहुतांश’ हेही भरताडच

काटछाटीत सर्वाधिक नुकसान इथे होते, कारण हे शब्द भरताड शब्दांसारखेच दिसतात. ‘असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही’, ‘येथे नमूद करणे आवश्यक आहे की’ हे पूर्ण काढले तरी विधान जसेच्या तसे राहते. ‘दिसून येते’चे ‘दिसते’ केले तरी राहते. पण ‘दिसते’चे ‘आहे’ केले की दावा वाढतो. ६० कुटुंबांच्या, तेही सोयीने निवडलेल्या नमुन्यावरून ‘आहे’ म्हणता येत नाही.

‘पालकांनी मुलांना नियमित शाळेत पाठवत असल्याचे सांगितले’ हे वाक्य जड वाटते म्हणून कुणी ‘पालक मुलांना नियमित शाळेत पाठवतात’ असे करतो. आता पालकांचा दावा संशोधकाचा निष्कर्ष झाला, आणि तोही दोन पाने आधी दिलेल्या हजेरीच्या तक्त्याशी विसंगत. जडपणा घालवायचाच तर ‘मुलांना नियमित शाळेत पाठवतो, असे पालकांनी सांगितले’ असे लिहावे. सांगणारा सांगणाराच राहतो आणि वाक्यही बोलीजवळ येते.

गैरसमज: हे काम शोधा-आणि-बदला आज्ञेने उरकते

शोधण्यापुरती ती कामाची आहे. प्रबंध युनिकोडमध्ये टाइप केलेला असेल तर Ctrl+F दाबून ‘ण्यात’ शोधावे. करण्यात, घेण्यात, देण्यात सगळी एकदम सापडतात. नंतर ‘संदर्भात’, ‘माध्यमातून’, ‘दृष्टीने’, ‘असल्याचे’ शोधावे. मात्र सरसकट बदल करू नये. ‘करण्यात आले’चे ‘केले’ होते, पण ‘आला’, ‘आली’, ‘आल्या’ यांचे रूप प्रत्येक ठिकाणी कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे वेगळे येते. ‘ग्रामपंचायतीच्या माध्यमातून’चे ‘ग्रामपंचायतीतर्फे’ करता येते. ‘मराठी माध्यमातून शिकलेली मुले’ मात्र तशीच ठेवावी लागतात. आणि दुष्काळी तालुक्यांवरच्या प्रकरणात ‘ण्यात’ शोधले की निम्म्या वेळा ‘पाण्यात’ सापडते.