घटक तेच, रंग वेगळा

झुरिचमध्ये माक्सिम कोवालेंको यांच्या गटाने २०१५ साली सिझियम, शिसे आणि ब्रोमिन यांचे पेरोव्हस्काइट नॅनोस्फटिक बनवले. शिसे ब्रोमाइडच्या तापलेल्या तेलकट द्रावणात सिझियमचे संयुग झटकन सोडायचे आणि पाचेक सेकंदांतच भांडे बर्फाच्या पाण्यात बुडवायचे. तापमान १४० ते २०० अंश सेल्सिअस. ते जितके जास्त, तितके स्फटिक मोठे. सुमारे ४ नॅनोमीटरचे स्फटिक निळे चमकतात, १२ नॅनोमीटरचे हिरवे. लहान स्फटिकात इलेक्ट्रॉन कोंडला जातो, त्याची ऊर्जा वाढते आणि प्रकाश निळ्याकडे सरकतो. ७ नॅनोमीटरच्या पुढे हा कोंडमारा सैल पडतो, मग आकार वाढवून रंग फारसा हलत नाही. अशा शुद्ध रंगांचा टीव्हीच्या पडद्यांना उपयोग आहे. पण स्फटिक अल्कोहोलने धुतले, तर पृष्ठभागावरचे संरक्षक रेणू सुटतात आणि चमक मंदावते.