वाय-फाय जोडलेले, पान मात्र उघडेना

मॅक लॅपटॉपच्या वरच्या पट्टीत वाय-फायचा पंखा पूर्ण भरलेला दिसतो, नेटवर्कचे नाव बरोबर असते, पासवर्डही स्वीकारला गेलेला असतो. तरी सफारीत एखादे पान उघडायला गेले की वरची रेघ थोडी सरकून थबकते आणि बऱ्याच वेळाने सर्व्हर उत्तर देत नसल्याचा संदेश येतो. शेजारी ठेवलेल्या फोनवर त्याच वाय-फायने व्हिडिओ सुरळीत चालू असतो. म्हणजे राउटर शाबूत आहे आणि बिघाड लॅपटॉप व राउटर यांच्यातल्या व्यवहारात कुठेतरी आहे.

पंख्याची खूण एवढेच सांगते की लॅपटॉप आणि राउटर यांचा रेडिओसंपर्क जुळला आहे. त्यानंतर राउटरने लॅपटॉपला तीन गोष्टी द्याव्या लागतात: लॅपटॉपचा स्वतःचा आयपी पत्ता, बाहेर जाण्याच्या दाराचा म्हणजे राउटरचा पत्ता, आणि संकेतस्थळांच्या नावांवरून आयपी पत्ते शोधून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता. सिस्टिम सेटिंग्जमध्ये वाय-फायच्या नावापुढचे ‘Details’ दाबले की या तिन्ही गोष्टी दिसतात. लॅपटॉपचा पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर राउटरने काहीच दिलेले नाही आणि मॅकने स्वतःच एक पत्ता घेतला आहे, असे समजावे. तो बिघाड वेगळा. इथे विचार आहे तो पत्ता रीतसर मिळूनही पाने न उघडण्याचा.

ब्राउझरचा संदेश थोडी दिशा देतो. सफारी ‘Can't Find the Server’ म्हणत असेल तर बहुधा नावावरून पत्ताच सापडलेला नसतो. सर्व्हर ‘isn't responding’ असे म्हणत असेल तर पत्ता सापडला, पण तिथून उत्तर आले नाही. मात्र एवढ्यावर विसंबू नये. त्यापेक्षा टर्मिनल उघडून दोन ओळी टंकाव्यात. पहिलीत स्वतःच्या राउटरचा पत्ता घालायचा:

```
ping -c 3 192.168.1.1
ping -c 3 1.1.1.1
```

दुसऱ्या ओळीतला पत्ता क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या सार्वजनिक सर्व्हरचा आहे. त्यात नाव नसून थेट आकडे असल्यामुळे डीएनएसचा संबंधच येत नाही. दोन्हींना उत्तर येऊनही पाने उघडत नसतील तर संशय डीएनएसवर. राउटर उत्तर देतो पण 1.1.1.1 देत नाही, असे झाले तर लॅपटॉपचे बाहेर जाणे अडलेले आहे. काही कार्यालयांची आणि हॉटेलांची नेटवर्क पिंग मुद्दाम अडवतात, तेव्हा तिथे या दुसऱ्या निकालाला फारसे वजन देऊ नये.

बाहेर जाणे अडण्याचे एक कारण राउटरमध्ये नसून लॅपटॉपमध्येच असते आणि तेच सर्वांत जास्त चकवते. मॅकच्या दृष्टीने वाय-फाय, तारेचे इथरनेट, यूएसबीने जोडलेला आयफोन, थंडरबोल्ट ब्रिज या प्रत्येकी एकेक ‘सेवा’ आहेत आणि त्यांचा एक क्रम ठरलेला असतो. एकाच वेळी दोन सेवा चालू असतील तर क्रमात जी वर, तिच्या राउटरमार्गे इंटरनेटची सगळी वाहतूक जाते. त्या सेवेपलीकडे खरोखर इंटरनेट आहे का, याची खात्री करून मॅक क्रम बदलत नाही. चालू जोडणी, पत्ता आणि राउटर एवढे असले की त्याला पुरते.

समजा, एका छायाचित्रणाच्या स्टुडिओत लॅपटॉप डॉकला लावला आहे. डॉकमधून निघालेली तार एका जुन्या राउटरला जाते. त्या राउटरला इंटरनेटची लाइन नाही; फोटो साठवण्याची डिस्क आणि प्रिंटर जोडण्यापुरताच तो ठेवलेला आहे. पण पत्ते वाटण्याचे काम त्याने सोडलेले नाही. तो लॅपटॉपला 192.168.0.5 हा पत्ता देतो आणि आपण 192.168.0.1 वर राउटर आहोत असे सांगतो. इकडे वाय-फायवर लॅपटॉपला 192.168.1.23 मिळालेला आहे, राउटर 192.168.1.1. वाय-फायच्या राउटरला केलेले पिंग यशस्वी होते, कारण तो त्याच जाळ्यातला शेजारी आहे. 1.1.1.1 मात्र गप्प. आता ही ओळ चालवावी:

```
route -n get default
```

उत्तरात gateway समोर 192.168.0.1 आणि interface समोर en5 असे येते. मॅकबुकमध्ये वाय-फाय en0 असते. म्हणजे जगभरासाठी निघालेले प्रत्येक पाकीट त्या जुन्या, आंधळ्या राउटरकडे चालले आहे. पडताळ्यासाठी पिंगला वाय-फायनेच जायला भाग पाडता येते:

```
ping -c 3 -b en0 1.1.1.1
```

याला लगेच उत्तर आले की निदान पक्के. डॉकची तार काढली की पाने उघडू लागतात, आणि ‘डॉक लावला की वाय-फाय जाते’ अशी तक्रार बहुतेक वेळा इथूनच जन्मते.

क्रम पाहण्यासाठी सिस्टिम सेटिंग्जच्या ‘Network’ पानावर खाली तीन ठिपक्यांचे बटण असते. त्यात ‘Set Service Order’ निवडले की यादी येते. तीच टर्मिनलमध्ये अशी मिळते:

```
networksetup -listnetworkserviceorder
```

बंद ठेवलेल्या सेवेपुढे इथे क्रमांकाच्या जागी तारा दिसतो. या स्टुडिओत यूएसबी लॅन पहिले आणि वाय-फाय दुसरे असेल. वाय-फाय ओढून वर घेतले की काम झाले. डिस्क आणि प्रिंटर तारेवरूनच सापडत राहतात, कारण 192.168.0 चे पत्ते त्या जाळ्यात थेट पोचतात, त्यांना राउटरची गरज नसते. ज्याला घरी वेगवान तारेचे इंटरनेट हवे आहे आणि म्हणून क्रम बदलायचा नाही, त्याने स्टुडिओतल्या जोडणीला हाताने पत्ता देऊन राउटरचा रकाना रिकामा सोडावा, पण तसे करताना त्या तारेसाठी वेगळे ‘Location’ बनवावे, नाहीतर तोच हाताचा पत्ता घरीही लागू राहतो. यादीत पूर्वीच्या डॉकच्या, विकून टाकलेल्या ॲडॉप्टरच्या नोंदीही असतात. जोडलेल्या नसतील तोवर त्या निरुपद्रवी आहेत, तरी काढून टाकलेल्या बऱ्या.

डीएनएसच्या आधी क्रम तपासावा, यालाही कारण आहे. नावे शोधण्यासाठी मॅक मुख्यतः क्रमात वर असलेल्या चालू सेवेचाच डीएनएस वापरतो. वरच्या प्रसंगात लोक सहसा वाय-फायच्या डीएनएसमध्ये गूगलचा 8.8.8.8 भरून पाहतात. वाय-फाय मुख्य सेवाच नसल्यामुळे काही फरक पडत नाही. मग वैतागून तो विषय सोडून देतात, भरलेला आकडा मात्र तिथेच राहतो आणि पुढे कधीतरी भलत्याच ठिकाणी आडवा येतो.

‘Details’ मधल्या डीएनएसच्या पानावर फिकट राखाडी अक्षरातला पत्ता राउटरने दिलेला असतो. ठळक अक्षरातला कोणीतरी हाताने भरलेला. हाताने भरलेला एकही पत्ता असला की राउटरचा पत्ता बाजूला पडतो. खात्री अशी करता येते:

```
networksetup -getdnsservers Wi-Fi
```

हाताने काही भरलेले नसेल तर There aren't any DNS Servers set on Wi-Fi. असे उत्तर येते. आकडे आले तर ते नीट वाचावेत. 10 ने सुरू होणारा पत्ता बहुधा जुन्या कार्यालयाच्या आतल्या सर्व्हरचा असतो. घरून तो कधीच सापडणार नाही, आणि प्रत्येक नावाचा शोध वाट पाहत बसतो. यादीतला एक पत्ता मेलेला व दुसरा जिवंत असेल तर पाने उघडतात, पण काही सेकंद अडखळून. 8.8.8.8 चा बिघाड उलट बाजूचा आहे. काही महाविद्यालये, वसतिगृहे आणि हॉटेले बाहेरच्या डीएनएसकडे जाणाऱ्या विचारणा अडवतात, शिवाय त्यांचे लॉगिनचे पान त्यांच्या स्वतःच्या डीएनएसवर अवलंबून असू शकते. अशा जागी सार्वजनिक पत्ता भरलेला लॅपटॉप जोडला जातो, पण लॉगिनचे पानही दिसत नाही. इलाज एकच: हाताने भरलेले पत्ते निवडून उणे चिन्हाने काढून टाकणे. ठळक ओळ गेली की तिथे राउटरचा फिकट पत्ता परत दिसू लागतो.

मॅकने खरोखर कोणता सर्व्हर धरला आहे ते `scutil --dns` सांगते. त्यातला पहिला resolver पाहिला तरी पुरे. डीएनएसचा साठा पुसण्याची आज्ञा सर्रास सुचवली जाते, पण सगळीच पाने अडलेली असताना तिचा क्वचितच उपयोग होतो. साठा पुसला तरी पुढची विचारणा त्याच मेलेल्या पत्त्याकडे जाते.

क्रम बरोबर, डीएनएस राउटरचा, मुख्य वाटही en0 चीच, तरी राउटर उत्तर देतो आणि बाहेरून काही येत नाही, असे उरले तर तिसऱ्या जागी पाहावे. प्रत्येक वाय-फाय यंत्राला कारखान्यातून एक हार्डवेअर पत्ता मिळालेला असतो. या पत्त्यावरून कुणाचा माग काढता येऊ नये म्हणून ॲपलने 2020 मध्ये आयफोनवर खासगी पत्त्याची सोय आणली आणि 2024 मध्ये सेक्वोया, म्हणजे मॅकओएस 15 बरोबर ती मॅकवरही आली. प्रत्येक नेटवर्कच्या ‘Details’ मध्ये ‘Private Wi-Fi address’ पुढे तीन पर्याय असतात: ‘Off’, ‘Fixed’ आणि ‘Rotating’. ‘Fixed’ मध्ये त्या नेटवर्कपुरता एक बनावट पत्ता कायम राहतो. ‘Rotating’ मध्ये तो साधारण दोन आठवड्यांनी बदलतो.

अडचण होते ती ओळखीच्या यंत्रांनाच इंटरनेट देणाऱ्या जागी. वसतिगृहाने लॅपटॉपचा खरा पत्ता नोंदवून घेतलेला असतो, किंवा घरच्या राउटरवर मुलांसाठी नियंत्रण लावताना ठरावीक यंत्रांना परवानगी दिलेली असते. अशी काही राउटरे अनोळखी पत्त्याला जोडून घेतात, आयपी पत्ताही देतात, आणि इंटरनेटकडे जाणारी वाट तेवढी बंद ठेवतात. काल चालणारा लॅपटॉप सेक्वोयावर नेल्यावर किंवा पत्ता बदलण्याच्या दिवशी अचानक बंद पडतो. सध्याचा पत्ता असा पाहावा:

```
ifconfig en0 | grep ether
```

पहिल्या जोडीतले दुसरे अक्षर 2, 6, a किंवा e असेल तर पत्ता खासगी आहे. जिथे यंत्र नोंदवलेले आहे त्या नेटवर्कपुरते ‘Off’ करावे; लॅपटॉप पुन्हा जोडला जातो आणि खऱ्या पत्त्याने ओळखला जातो. घरचा राउटर आपल्याच हातात असेल तर ‘Fixed’ ठेवून तो खासगी पत्ता राउटरच्या यादीत घालणे अधिक चांगले. कॅफे किंवा विमानतळाच्या उघड्या वाय-फायवर हा पर्याय बंद करण्याचे मात्र काही कारण नाही. तिथे ‘Rotating’ मुळे फार तर लॉगिनचे पान पुन्हा भरावे लागते.

तिन्ही ठिकाणी सर्व ठीक निघाले तर ‘Network’ मधल्या ‘VPN & Filters’ कडे नजर टाकावी. काढून टाकलेल्या व्हीपीएनचा किंवा विषाणुरोधक ॲपचा फिल्टर तिथे चालू राहिलेला असू शकतो आणि तो पिंग जाऊ देऊन ब्राउझरची वाहतूक तेवढी अडवू शकतो. तोही बंद केल्यावर पाने उघडली नाहीत, तर लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडून पाहावा. तिथे सगळे नीट चालले तर पुढची तपासणी राउटरच्या सेटिंगमध्ये करायची असते.