७७ तासांचा कागद

त्या कागदावर महिन्याचे तीस दिवस एकाखाली एक मांडलेले होते. प्रत्येक दिवसापुढे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ चौकोन. कामाचे चौकोन काळे, विश्रांतीचे कोरे. एकाही दिवशी विश्रांती दहा तासांच्या खाली गेली नव्हती आणि कुठल्याही आठवड्याची बेरीज ७७ च्या खाली उतरली नव्हती. खाली कॅप्टनची सही होती, आणि ज्याचा तो कागद त्या बोटीवरच्या सेकंड मेटचीही.

"यातलं खरं किती?" मी विचारलं.

"तारखा खऱ्या आहेत, काका," तो म्हणाला.

मूळचा श्रीवर्धनचा, तिशीच्या आतला हा मुलगा मला बेलापूरला भेटला. बोटीवर माणसं पाठवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची ऑफिसं नवी मुंबईत आहेत. मेडिकल, कोर्स, मुलाखत, करारावर सही अशा कामांसाठी कोकणातली, उत्तरेतली, दक्षिणेतली पोरं इथे येतात आणि बोलावणं येईपर्यंत नेरूळ-सीवूडच्या खोल्यांत चार-चार जण मिळून राहतात. मी गेलो होतो ते त्यांचे पगार आणि प्रवास ऐकायला. अडकलो या कागदात, कारण इतकी तक्रारमुक्त हजेरी मी कुठल्याच कामाच्या ठिकाणी पाहिली नव्हती.

नियम तसा सोपा आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ साली सागरी कामगारांसाठी एक करार केला. भारताने तो ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्य केला आणि वर्षभराने तो आपल्याला लागू झाला. बोटीवरच्या माणसाला कुठल्याही २४ तासांत किमान दहा तास आणि कुठल्याही सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. दहा तासांचे फार तर दोन तुकडे करता येतात आणि त्यातला एक सलग सहा तासांचा हवा. 'कुठल्याही २४ तासांत' या शब्दांत खरी मेख आहे. हिशेब मध्यरात्रीपासूनच करायचा असं नाही. सकाळी साडेसहापासून दुसऱ्या दिवशीच्या साडेसहापर्यंत मोजलं तरी दहा भरले पाहिजेत.

मी त्याला एक दिवस उलगडून सांगायला लावला. बोट कंटेनरची, लहान, दोन-तीन दिवसांनी नवं बंदर गाठणारी. त्या दिवशी ती न्हावा-शेवाला लागायची होती. सेकंड मेटचा वॉच रात्री बारा ते चार. चारला तो केबिनमध्ये गेला. साडेसहाला फोन वाजला: पायलट येतोय, स्टेशनवर या. स्टेशन म्हणजे त्याच्यासाठी बोटीचा मागचा भाग. तिथे दोर सोडणं, टगचा दोर घेणं, धक्क्याला बांधून घेणं या कामांवर तो उभा असतो. साडेनऊला बोट बांधून झाली. मग एजंटचे कागद आणि हॉस्पिटलच्या औषधांची यादी, कारण बोटीवरचं औषधपाणीही बहुधा सेकंड मेटकडेच असतं. हे सगळं संपायला अकरा वाजले. बारा ते सहा मालाच्या चढउतारावर देखरेख. संध्याकाळी सहा ते मध्यरात्र सुट्टी, आणि बाराला पुन्हा खाली.

आता बेरीज करा. चार ते साडेसहा, अडीच तास. अकरा ते बारा, एक तास. सहा ते बारा, सहा तास. एकूण साडेनऊ, तेही तीन तुकड्यांत. नियम दोनदा मोडला. कागदावर मात्र चार ते आठ विश्रांती, आठ ते सहा काम, सहा ते बारा विश्रांती. बरोबर दहा तास, दोन तुकडे, एक सलग सहाचा. त्याने फक्त साडेसहाचा फोन दीड तास पुढे ढकलला आणि जेवणाआधीचा तास कामात टाकला.

"कुणी सांगितलं असं भरायला?"

"कुणी नाही. आता कॉम्प्युटरवर भरतो. चुकलं की चौकोन लाल होतो. लाल तसाच पाठवला की ऑफिसातून मेल येतो, कारण लिहा. कारण लिहिलं की पुढचा प्रश्न, तुम्हाला कामाचं नियोजन जमत नाही का? मग लाल जाईपर्यंत चौकोन सरकवायचे. ७७ भरले की झोपायला मोकळे."

हे एका बोटीचं गाऱ्हाणं नाही. स्वीडनमधल्या मालमो इथल्या जागतिक सागरी विद्यापीठाने २०२० मध्ये याच विषयावर एक अहवाल काढला. त्यात नोंदी 'जुळवून घेण्याची' सवय वरपासून खालपर्यंत कशी मुरली आहे, हे जहाजी, कंपन्या आणि तपासनीस या सगळ्यांशी बोलून दाखवलं आहे. तपासनीसाला हे ओळखता येत नाही असंही नाही. बंदरात बोटीवर चढलेल्या सर्व्हेअरने विश्रांतीचा कागद एकटा वाचला तर तो स्वच्छच दिसणार. पण शेजारी डेकचं लॉगबुक ठेवलं, पायलट किती वाजता चढला ते पाहिलं, मालाच्या नोंदीवर कुणाची सही किती वाजता पडली ते ताडलं, की कागदावर झोपलेला माणूस साडेसहाला मागच्या डेकवर उभा सापडतो. एवढं ताडायला दोन तास लागतात. बोट धक्क्यावर एक दिवसही नसते आणि तपासायला आग, बोया, तेल, कचरा असं बरंच काही असतं.

या आकड्यांची किंमत कधीकधी समुद्रात दिसते. 'शेन नेंग १' ही चिनी कोळशाची बोट ३ एप्रिल २०१० ला ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर चढली. वॉचवर चीफ मेट होता. ऑस्ट्रेलियन चौकशीत निघालं की आधीच्या साडेअडतीस तासांत त्याला जेमतेम अडीच तास झोप मिळाली होती. बंदरात माल भरून घ्यायचा आणि निघाल्यावर लगेच वॉच सांभाळायचा, म्हणजे आमच्या सेकंड मेटचाच तो दिवस, जरा लांबलेला.

सेकंड मेटच्याच खोलीत दापोलीकडचा एक बोसन होता. डेकवरच्या खलाशांचा मुकादम, पन्नाशीला आलेला. त्याला तासांशी देणंघेणं नव्हतं, तो महिन्यांचा माणूस. त्याच्या करारात 'नऊ महिने, एक कमी-जास्त' असं होतं. "आमच्याकडे तो एक नेहमी जास्तच असतो," तो म्हणाला. दहावा महिना संपला तरी बदली माणूस आला नाही. मग कॅप्टनने त्याच्यापुढे एक अर्ज ठेवला: मी माझ्या इच्छेने मुदत वाढवून घेत आहे. बोसनने सही केली, कारण पुढच्या वर्षी त्याच कंपनीचा फोन यायला हवा होता.

कायदा इथेही स्पष्ट आहे. सलग नोकरी बारा महिन्यांच्या आत संपली पाहिजे आणि दर महिन्याला अडीच दिवस पगारी रजा हा हक्क आहे. दोन्ही एकत्र धरून जाणकार मर्यादा अकरा महिने मानतात. करार संपला की घरी पाठवायचा खर्च मालकाचा. तो पगारातून कापता येत नाही, आणि नोकरीच्या सुरुवातीला त्यासाठी अनामत मागता येत नाही. माणसाने नोकरीच्या जबाबदाऱ्यांत गंभीर कसूर केल्याचं ठरलं तरच खर्च वसूल करता येतो.

पण हक्काला उतरायला धक्का लागतो. मुंबईच्या ग्रेट ईस्टर्न कंपनीची 'जग आनंद' ही बोट ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन १३ जून २०२० ला चीनच्या जिंगटांग बंदराबाहेर नांगरली. बोटीवर २३ भारतीय. कोळसा उतरवू दिला जाईना आणि माणसंही बदलू दिली जाईनात. करार संपत गेले, वर्ष संपलं. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये माल पोटात तसाच ठेवून बोट जपानच्या चिबा बंदराला नेली, तिथे माणसं बदलली, आणि ते २३ जण घरी आले. मालक उभा होता, खर्च सोसायला तयार होता, सरकारही मध्ये पडलं, तरी सात महिने गेले.

मालकच नाहीसा झाला तर? जगभरच्या वाहतूक कामगार संघटनांच्या महासंघाने २०२४ साठी दिलेला आकडा ३१२ बोटींवर वाऱ्यावर सोडलेल्या ३,१३३ जहाजींचा आहे. त्यात सर्वांत जास्त भारतीय: ८९९. अशा वेळेसाठी जानेवारी २०१७ पासून एक तरतूद आहे, आणि माझ्या मते या साऱ्या कायद्यातलं ते सर्वांत कामाचं कलम आहे. प्रत्येक बोटीवर, सगळ्यांना दिसेल अशा जागी, विम्याचं एक प्रमाणपत्र लावलेलं असतं. मालकाने दोन महिने पगार दिला नाही, अन्नपाणी बंद केलं किंवा परतीचं भाडं भरलं नाही, तर 'सोडून दिलं' असं धरलं जातं. मग जहाजी किंवा त्याची युनियन थेट विमा कंपनीकडे मागणी करू शकते. अन्न, पाणी, औषधं, घरापर्यंतचा प्रवास आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार त्यातून मिळतो.

अडचण पाचव्या महिन्यापासून सुरू होते. पगार आठ महिन्यांचा थकला असेल तर उरलेल्या चारांसाठी कोर्टात बोटीवर दावा लावावा लागतो, आणि बोट सोडली की तो पैसा बुडेल या भीतीने माणसं उतरत नाहीत. बंदरही सगळ्यांना उतरू देत नाही, कारण नांगरलेल्या बोटीवर ठरावीक माणसं असलीच पाहिजेत. आणि काही बोटींवर तर ते प्रमाणपत्र मुदत संपलेलं किंवा बनावट निघतं. अशा बोटींवर माणूस पोहोचतो तो बहुतेकदा विनापरवाना एजंटमार्फत, लाखांत पैसे मोजून. जहाजीकडून नोकरी लावण्याचे पैसे घेणं हाच गुन्हा आहे, हे त्या घरांना माहीत नसतं.

या तिन्ही हक्कांत मला एकच फरक दिसला. परतीच्या हक्कामागे विम्याचा पैसा आहे, म्हणून तो अर्धामुर्धा तरी चालतो. मुदतीच्या हक्कामागे काही बंदरांचा धाक आहे, म्हणून तो कधीकधी चालतो. ७७ तासांच्या मागे काहीच नाही. बोटीवर किती माणसं हवीत हे ठरवणाऱ्या कागदात डेकवर अधिकारी किमान किती ते लिहिलेलं असतं, आणि मालक बहुधा तेवढेच ठेवतो. तिसऱ्या मेटच्या जोडीला चौथा माणूस दिला तर सेकंड मेटचा साडेसहाचा फोन दुसऱ्या कुणाला जाईल. तो मिळेपर्यंत चौकोन सरकवले जाणारच, कितीही सर्व्हेअर चढवा.

तोवर घरच्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. एजंटकडे डीजी शिपिंगचा परवाना आहे का, हे नंबर घेऊन त्यांच्या संकेतस्थळावर तपासा. साधी सही करण्यापूर्वी, पैसे मागितले तर त्याहून आधी. मुलगा बोटीवर चढला की पहिल्याच दिवशी विम्याच्या प्रमाणपत्राचा फोटो घरी मागवा आणि मुदतीची तारीख वाचा. आणि विश्रांतीच्या कागदाची प्रत दर महिन्याला त्याने स्वतःजवळ ठेवावी. ती मागणं हा त्याचा हक्क आहे, आणि त्या प्रतीशेजारी खरे तास स्वतःच्या वहीत लिहून ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.