टेलरमामांची अर्ध्या पानाची केस स्टडी

गेल्या वर्षी मी शहापुरातल्या एका टेलरमामांची ऑर्डरींची वही एक्सेलमध्ये लावून दिली. तशीच आणखी दुकानं मिळावीत म्हणून केस स्टडी लिहिली. पहिल्या खर्ड्यात सगळीकडे मीच: असा तक्ता केला, असे रंग दिले. कुणी विचारलं नाही.

मग सुरुवात मामांच्याच वाक्यानं केली: "गिऱ्हाईक दारात उभं, आणि ब्लाऊज अजून कापायचाय." पुढे उपाय दोनच ओळींत: प्रत्येक कपड्याची द्यायची तारीख लिहायची, रोज सकाळी त्याच क्रमानं कापायला घ्यायचं.

"खूप फरक पडला" हे वाक्य मात्र खोडलं. कपडा नेला की मामा पावतीवर तारीख टाकतात, म्हणून मोजता आलं (नशीबच, खरं तर हे काम सुरू करण्याआधीच ठरवायला हवं). आधीच्या ५० कपड्यांत १७ उशिरा, नंतरच्या ५० त ५. दोन्ही वेळा लग्नसराईच घेतली. मंदीचा महिना धरला असता तर आकडा फुकटच सुधारला असता.

मामा नाव छापू नको म्हणाले. म्हणून लिहिलं, "दोन मशीनचं दुकान". पुढच्या महिन्यात दोघांनी विचारलं. दोघांकडेही दोनच मशीन.